भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज: चाळीस मिनिटांच्या तासाचं टाचण शेवटाकडून कसं लिहायचं

सहावीच्या वर्गात १/२ + १/३ फळ्यावर लिहा आणि वहीत सोडवायला सांगा. काही वह्यांत हमखास २/५ सापडेल. ही मुलं आळशी नसतात, पाचवीत समच्छेद अपूर्णांकांची बेरीज त्यांनी बरोबर केलेली असते. वरच्यात वरचं मिळवायचं एवढंच त्यांच्या लक्षात राहिलेलं असतं आणि खालचे आकडे वेगळे दिसले की हात आपोआप तेही मिळवतो.

हा घटक शिकवताना टाचणात बहुतेक वेळा एकच गोष्ट बिघडते. आपण वरून खाली लिहीत जातो: प्रस्तावना, विषय विवेचन, उदाहरणं, सराव आणि सगळ्यात शेवटी ‘मूल्यमापन’ या शब्दापुढे पुस्तकातली दोन गणितं. घंटा झाली की तीच दोन गणितं गृहपाठ होतात. मुलांना काय आलं हे त्या दिवशी कळतच नाही. म्हणून खालचा क्रम उलटा आहे. आधी शेवटची चिठ्ठी लिहायची, मग आकडे निवडायचे, मग साहित्य करायचं आणि मिनिटांची वाटणी सर्वांत शेवटी. वर्ग चाळीस मुलांचा, वीस जोड्यांचा धरला आहे.

## १. एका तासाचा तुकडा कापून घ्या

‘अपूर्णांक’ हा एका तासाचा विषय नाही. ‘अपूर्णांकांची बेरीज’ हाही नाही. त्यात समच्छेद, भिन्नछेद, पूर्णांकयुक्त अपूर्णांक, अंशाधिक उत्तर, संक्षिप्त रूप हे सगळं येतं, आणि यातलं प्रत्येक चाळीस मिनिटं खाऊ शकतं.

आपण घ्यायचा तुकडा असा: छेद वेगळे असलेले दोन अपूर्णांक, दोन्ही एकापेक्षा लहान, बेरीजही एकापेक्षा लहान. ही शेवटची अट मुद्दाम घातली आहे. २/३ + १/२ घेतलं की ७/६ येतं, कुणीतरी विचारतं की वरचा आकडा मोठा कसा, आणि पुढची दहा मिनिटं अंशाधिक अपूर्णांकात जातात. प्रश्न चांगला आहे, पण तो उद्याचा आहे.

संक्षिप्त रूपाचंही आधीच ठरवून टाका. आजच्या तासाला ४/६ बरोबर आणि २/३ सुद्धा बरोबर. हे टाचणात लिहून ठेवा, नाहीतर सवयीने आपण ४/६ वर लाल रेघ मारतो आणि ज्या मुलाला मुख्य गोष्ट समजली होती त्याला वाटतं आपलं चुकलं.

## २. उद्दिष्ट असं लिहा की ते पाहता येईल

‘विद्यार्थी अपूर्णांकांच्या बेरजेची संकल्पना समजून घेतात’ हे वाक्य कितीतरी टाचणांत असतं. ते खरं ठरलं की नाही हे कुणी कसं ओळखायचं? समजून घेणं डोळ्यांना दिसत नाही. मुलगा काय लिहील, काय मांडून दाखवेल, कोणती चूक पकडेल, ते दिसतं.

या तासासाठी दोन उद्दिष्टं पुरतात:

अ) तास संपताना विद्यार्थी छेद वेगळे असलेल्या दोन अपूर्णांकांचे सममूल्य समच्छेद अपूर्णांक लिहून त्यांची बेरीज स्वतः करतो.

आ) बेरजेचं दिलेलं उत्तर अशक्य असेल, तर मिळवलेल्या एखाद्या अपूर्णांकाशी तुलना करून ते का अशक्य आहे हे सांगतो.

दुसरं उद्दिष्ट बरेच जण गाळतात. माझ्या मते तेच जास्त महत्त्वाचं आहे, कारण पहिलं नुसत्या पाठांतराने महिनाभर टिकतं आणि मग विसरलं जातं. अर्ध्यात काही मिळवलं तर अर्ध्याहून कमी होणार नाही हे ज्याला दिसतं, तो पद्धत विसरला तरी २/५ लिहून पुढे जात नाही. थांबतो.

तपासा: उद्दिष्टातलं क्रियापद वाचा. लिहितो, मांडतो, निवडतो, कारण सांगतो यांपैकी काही आहे का? ‘समजतो’, ‘जाणतो’, ‘परिचय होतो’ असेल तर पुन्हा लिहा.

## ३. आता शेवटची चिठ्ठी लिहा, बाकी सगळं नंतर

पाठकोऱ्या कागदाचे चतकोर करा. दहा कागदांत चाळीस चिठ्ठ्या होतात. प्रत्येक मुलाला एक, वर नाव, खाली दोनच प्रश्न. प्रश्न फळ्यावर लिहायचे.

प्रश्न १: २/३ + १/५ = ?

प्रश्न २: एका मुलाने १/२ + १/६ = २/८ असं उत्तर काढलं. बेरीज न करता सांगा, हे उत्तर बरोबर का असू शकत नाही?

हे आकडे कुठूनही उचललेले नाहीत. पहिल्या प्रश्नात प्रत्येक नेहमीची चूक वेगळं उत्तर देते. वर-वर आणि खाली-खाली मिळवणाऱ्याचं ३/८ येईल. छेद १५ केला पण अंश तसेच ठेवले तर ३/१५ येईल. समोरच्या छेदाऐवजी आपल्याच छेदाने अंशाला गुणलं, म्हणजे २ ला ३ ने आणि १ ला ५ ने, तर ११/१५ येईल. बरोबर उत्तर १३/१५. चिठ्ठी पाहिली की मूल कुठे अडलं ते उत्तरच सांगतं, त्याला बोलावून विचारावं लागत नाही.

आता याच जागी १/२ + १/३ ठेवून बघा. आपल्याच छेदाने गुणणारं मूल काय करेल? १ ला २ ने, १ ला ३ ने, बेरीज ५, छेद ६. उत्तर ५/६, म्हणजे अगदी बरोबर. पद्धत चुकीची, उत्तर खरं, आणि आपण त्यावर बरोबरची खूण करून मोकळे. दोन्ही अंश १ असले आणि छेदांना सामाईक विभाजक नसला की ही गडबड दर वेळी होते. म्हणून चिठ्ठीतल्या गणितात निदान एका अपूर्णांकाचा अंश १ पेक्षा मोठा हवा. मला हे फार उशिरा लक्षात आलं. एका वर्षी सगळ्या वर्गाच्या चिठ्ठ्या छान आल्या आणि पुढच्या आठवड्यात ३/४ + १/३ ला निम्मा वर्ग १५/१२ लिहून बसला.

दुसऱ्या प्रश्नात २/८ घेतलं कारण २/८ म्हणजे पाव, आणि पाव अर्ध्याहून कमी हे सहावीतल्या मुलाला घरातून, बाजारातून माहीत असतं. इथे २/७ सारखा आकडा आला तर मूल तुलनेतच अडकतं आणि आपण तपासायला निघालेली गोष्ट बाजूला राहते.

सावध: चिठ्ठीतली गणितं तासात कुठेही सोडवून दाखवू नका. सरावात तेच आकडे आले तर आपण बेरीज तपासत नाही, आठवण तपासतो.

## ४. तासातली उदाहरणं निवडा

शिकवण्यासाठी दोन, सरावासाठी तीन, आणि लवकर संपवणाऱ्यांसाठी एक. याहून जास्त चाळीस मिनिटांत होत नाही.

पहिलं उदाहरण कोणतं घ्यावं याबद्दल मतभेद होतात. पुष्कळ जण १/२ + १/४ ने सुरुवात करतात, सोपं म्हणून. अडचण अशी की मुलं ‘अर्धा आणि पाव म्हणजे पाऊण’ हे तोंडीच सांगतात, मांडणीची गरजच पडत नाही. शिवाय त्यातून मुलं एक खोटा नियम काढतात: मोठा छेद घ्यायचा आणि त्यात बसवायचं. तो नियम १/२ + १/३ ला लागू पडत नाही. म्हणून सुरुवात १/२ + १/३ नेच करा. चिठ्ठीला हे गणित अपुरं पडतं हे वर पाहिलं, पण शिकवायला तेच उत्तम, कारण तिथे अर्धा आणि एक तृतीयांश दोघांनाही आपलं माप सोडून तिसऱ्या मापात यावं लागतं.

दुसरं उदाहरण १/३ + १/४. सरावाला क्रमाने १/६ + २/३, २/३ + १/४ आणि १/२ + २/५. त्यांची उत्तरं ५/६, ११/१२ आणि ९/१०. पहिल्यात एकच अपूर्णांक बदलावा लागतो, दुसऱ्यात अंश १ पेक्षा मोठा आहे आणि पट्टीवर पडताळता येतो, तिसऱ्यात पट्टीची मदतच मिळत नाही. जादा उदाहरण १/४ + १/६. कुणी छेद २४ घेऊन १०/२४ आणेल, कुणी १२ घेऊन ५/१२. दोन्ही बरोबर. या दोघांना शेजारी बसवून दोन्ही उत्तरं एकच आहेत का हे शोधायला सांगा. लसाविचं दार तिथूनच उघडतं, पण आज त्यातून आत शिरायचं नाही.

तपासा: सगळी गणितं स्वतः कागदावर सोडवा. प्रत्येकासमोर बरोबर उत्तर आणि संभवणारी दोन चुकीची उत्तरं टाचणात लिहा. वर्गात फिरताना वहीकडे एक नजर टाकली की चूक कुठली ते ओळखू येतं.

## ५. पट्ट्या आदल्या दिवशी तयार करा

पोळी, भाकरी किंवा केकची गोल चित्रं या तासाला सोडून द्या. गोलाचे तीन सारखे भाग हाताने काढणं कठीण, आणि दोन गोलांचे तुकडे एकमेकांना जोडून किती झालं हे डोळ्यांना दिसत नाही. लांब पट्टीवर तुकडे टोकाला टोक लावून बसतात, तिथे बेरीज दिसते.

पट्टी २४ सेंटिमीटर लांब आणि ३ सेंटिमीटर रुंद घ्या. चोवीस घेण्याचं कारण असं की त्याचे २, ३, ४, ६, ८, १२ असे सारखे भाग पूर्ण सेंटिमीटरमध्ये पडतात: अर्धा १२, तृतीयांश ८, पाव ६, षष्ठांश ४, द्वादशांश २. ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद आणि २९.७ सेंटिमीटर लांब असतो, म्हणजे लांबीतून २४ घेऊन एका कागदात बरोबर सात पट्ट्या निघतात.

एका जोडीला हे लागतं: एक कोरी अखंड पट्टी, अर्ध्याचा एक तुकडा, तृतीयांशाचा एक तुकडा, पावाचा एक तुकडा, आणि एक खुणांची पट्टी, जिच्या एका बाजूवर सहा सारखे भाग आणि मागच्या बाजूवर बारा सारखे भाग आखलेले आहेत. वीस जोड्यांचा हिशेब असा: कोऱ्या २०, खुणांच्या २०, अर्ध्यांसाठी १०, तृतीयांशांसाठी ७, पावांसाठी ५, एकूण ६२ पट्ट्या. नऊ कागदांत ६३ निघतात. दहावा कागद फाटण्या-हरवण्यासाठी ठेवा. घोटीव कागद मिळाला तर अर्धा एका रंगाचा आणि तृतीयांश दुसऱ्या रंगाचा करा, पांढऱ्यावरही चालतं.

प्रत्येक जोडीचा संच रबर लावून किंवा जुन्या पाकिटात ठेवा.

सावध: मुलांना वर्गात पट्ट्या कापायला लावू नका. मी एकदा लावल्या. कात्र्या चार, मुलं चाळीस. बारा मिनिटं गेली आणि तृतीयांश कुणाचा सात सेंटिमीटर तर कुणाचा नऊ. मग तुकडे खुणांवर बसेनात आणि मुलांना वाटलं की गणितच चुकीचं आहे. घडी घालूनही तीन सारखे भाग नीट पडत नाहीत. तृतीयांश मोजून, खूण करून, एकाच माणसाने कापावेत.

सावध: कोरी पट्टी आणि तुकडे एकाच लांबीच्या पट्ट्यांचे हवेत. एका पट्टीचा अर्धा आणि दुसऱ्या, लांब पट्टीचा तृतीयांश यांची अशी बेरीज होत नाही. हे मुलांनाही एका वाक्यात सांगा.

## ६. फळ्याचे तीन भाग टाचणातच आखा

डावा भाग अंदाजासाठी. तिथे मुलांनी सांगितलेली उत्तरं लिहायची आणि तास संपेपर्यंत पुसायची नाहीत. मधल्या भागात १२० सेंटिमीटरची पट्टी आखा, म्हणजे अर्धा ६०, तृतीयांश ४० आणि षष्ठांश २० वर येतो. उजवा भाग लेखी मांडणीसाठी. फळा लहान असेल तर ७२ सेंटिमीटर घ्या: ३६, २४, १२.

पट्टी तास सुरू होण्याआधी आखलेली असावी. मुलांकडे पाठ करून रेघा मारत बसलं की वर्ग हातातून सुटतो.

## ७. मिनिटांची वाटणी

आता कुठे तास लिहायचा.

० ते ६ मिनिटं: पूर्वज्ञान. वहीत दोन प्रश्न, कुणालाही न विचारता: १/२ = ?/६ आणि १/५ + २/५ = ? दोन मिनिटांत उत्तरं, मग वह्या उंच धरायला सांगा आणि नजर फिरवा. ‘आठवतंय ना?’ असं विचारलं तर वर्ग ‘हो’ म्हणतो, त्या ‘हो’चा काही उपयोग नाही.

तपासा: पहिल्या प्रश्नात साधारण तीनपैकी एकापेक्षा जास्त मुलं चुकली, तर आजचा तास पुढे नेऊ नका. खुणांच्या पट्ट्या वाटा आणि सममूल्य अपूर्णांकांचाच तास घ्या. ही पर्यायी योजना टाचणाच्या मागच्या पानावर चार ओळींत आधीच लिहिलेली हवी.

६ ते १० मिनिटं: अंदाज. फळ्यावर १/२ + १/३ लिहा आणि उत्तर विचारू नका. विचारा: बेरीज अर्ध्याहून जास्त येईल की कमी? सगळे ‘जास्त’ म्हणतील. मग उत्तरं मागा आणि येतील ती सगळी डावीकडे लिहा. २/५ आलं की चेहऱ्यावर काही दाखवू नका. एवढंच विचारा की पाचाचा अर्धा किती. अडीच. मग २/५ अर्ध्याहून जास्त की कमी?

इथे थांबायला शिकावं लागतं. एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी बराच वेळ फळ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “बाई, अर्ध्यात मिळवलं आणि अर्ध्याहून कमी झालं? मग मिळवलेलं गेलं कुठे?” तिला उत्तर मी दिलं नाही, पट्ट्यांची पाकिटं वाटली. हा प्रश्न मुलांकडून यावा म्हणून ही चार मिनिटं ठेवायची आहेत. आला नाही तर तुम्हीच विचारा, पण उत्तर देऊ नका.

१० ते २० मिनिटं: पट्ट्यांवर बेरीज. मोजपट्ट्या दप्तरात ठेवायला सांगा, नाहीतर लगेच ‘वीस सेंटिमीटर’ हे उत्तर येतं. कोरी पट्टी बाकावर. तिच्या डाव्या टोकाला अर्ध्याचा तुकडा, त्याला चिकटून तृतीयांशाचा. आता विचारा: पट्टीचा किती भाग झाकला गेला? मुलं ‘बराचसा’, ‘थोडा उरलाय’ असं म्हणतील. बरोबर आहे, पण याला अपूर्णांकाचं नाव कसं द्यायचं?

पहिल्यांदा पावाचा तुकडा वापरून बघू द्या. अर्ध्याच्या तुकड्यावर पाव दोनदा नेमका बसतो. तृतीयांशावर ठेवला की एकदा बसून थोडं उरतं, दोनदा मावत नाही. पावाच्या मापात तृतीयांश सांगता येत नाही हे मुलांच्या बोटांना कळू द्या. इथे घाई करायची नाही. या दोन-तीन मिनिटांसाठीच एवढ्या पट्ट्या कापल्या आहेत. समच्छेद करणं ही बाईंनी सांगितलेली रीत नसून दोघांनाही नेमकं मोजणारं एक माप शोधणं आहे, हे इथेच उमगतं.

मग खुणांची पट्टी, सहा भागांची बाजू वर. अर्ध्याच्या खाली तीन भाग, तृतीयांशाच्या खाली दोन. एकूण पाच, आणि एक रिकामा. ५/६. डावीकडे लिहिलेल्या अंदाजांशी ताडून बघायला सांगा. ‘समच्छेद’ हा शब्द आत्ता फळ्यावर लिहा, याआधी नाही.

सावध: शिकवणीला जाणारं एखादं मूल इथे तिरकस गुणाकार करून उत्तर ओरडून सांगेल. त्याला गप्प करू नका आणि शाबासकीही देऊ नका. म्हणा, “तू तीन आणि दोन मिळवलेस. ते तीन पट्टीवर कुठे आहेत, दाखव.” दाखवता आलं तर उत्तम. नाही आलं तर तोही सगळ्यांबरोबर शिकेल.

२० ते २६ मिनिटं: पट्टीवरून वहीत. १/३ + १/४. आता उलट जायचं: आधी विचार, मग पट्टी. तृतीयांशालाही आणि पावालाही नेमकं मोजेल असं माप कोणतं? सहाच्या बाजूवर पाव बसत नाही, हे मुलं करून बघतील. ३ च्या आणि ४ च्या दोन्ही पाढ्यांत येणारी संख्या शोधायला सांगा. बारा. पट्टी उलटवून पडताळा: चार भाग आणि तीन भाग, ७/१२. उजवीकडे मांडणी पूर्ण लिहा:

१/३ = ४/१२

१/४ = ३/१२

४/१२ + ३/१२ = ७/१२

तीन ओळी सुट्या लिहायच्या. एकाच ओळीत सगळं कोंबलं तर अंशही बदलला हे मुलांना दिसत नाही, आणि ३/१५ छापाची चूक तिथूनच जन्मते.

२६ ते ३३ मिनिटं: सराव. तीन गणितं फळ्यावर एकदम लिहा. प्रत्येकाने एकट्याने करायची. पट्टी हवी असेल त्याने वापरावी, तिसऱ्या गणिताला ती पुरणार नाही हे सांगायचं नाही. पंचमांश बसत नाहीत हे पाहून मुलं पाढ्याकडे वळतात. तुम्ही फिरत राहा आणि दुसऱ्या गणिताकडे लक्ष ठेवा: तिथे १०/१२ दिसलं तर मूल आपल्याच छेदाने गुणतंय. खाली वाकून एवढंच विचारा, “२/३ म्हणजे १०/१२ मधले किती?” बहुतेक वेळा ते स्वतःच खोडतं.

टाचणात या जागी समासात लिहून ठेवा: सव्विसावं मिनिट उलटून गेलं असेल तर तिसरं गणित गृहपाठाला. वेळ कापायचा तो सरावातून, शेवटच्या चिठ्ठीतून कधीच नाही.

३३ ते ३८ मिनिटं: चिठ्ठी. पट्ट्या पाकिटात, वह्या बंद. मांडणी लिहिलेला फळ्याचा उजवा भाग पुसा, हे हटकून विसरतं. दोन प्रश्न लिहा. पाच मिनिटं पूर्ण शांतता. मदत नाही, खाणाखुणा नाहीत. दुसऱ्या प्रश्नाला चित्र काढलं तरी चालेल हे आधी सांगा, कारण काही मुलांना कारण कळलेलं असतं पण वाक्य जमत नाही.

३८ ते ४० मिनिटं. चिठ्ठ्या गोळा करा, डावीकडच्या २/५ कडे परत बोट दाखवा आणि गृहपाठ द्या. चिठ्ठीची उत्तरं आज सांगायची नाहीत.

## ८. त्याच दिवशी चिठ्ठ्यांचे गठ्ठे

खुणा करू नका, गुण देऊ नका, फक्त पहिल्या उत्तरावरून गठ्ठे लावा. चाळीस चिठ्ठ्यांना मधल्या सुट्टीएवढा वेळही लागत नाही.

३/८ चा गठ्ठा: या मुलांना पट्ट्यांकडे परत न्यावं लागेल, १/२ + १/३ पासून. त्यांना गणितं वाढवून देणं व्यर्थ आहे, ती तीच चूक दहा वेळा करतील.

३/१५ चा गठ्ठा: यांनी समच्छेद हा शब्द ऐकला, पण छेद बदलताना अपूर्णांकाचं मूल्य तेच राहायला हवं हे सुटलं. त्यांना एकच काम द्या: पंधरा चौकटींची एक पट्टी चौकटीच्या वहीत आखायची, तिचे २/३ एका रंगाने आणि खाली तशाच पट्टीचे २/१५ दुसऱ्या रंगाने रंगवायचे. एकात दहा चौकटी भरतात, दुसऱ्यात दोन.

११/१५ चा गठ्ठा सहसा छोटा असतो. इथे समज बरीचशी आहे, हिशेबाची घडी चुकली आहे. तीन सुट्या ओळींत लिहायला लावा आणि प्रत्येक ओळीत ‘वर-खाली एकाच संख्येने गुणलं का’ हे स्वतः तपासायला सांगा.

१३/१५ च्या गठ्ठ्यातून दुसरा प्रश्न वाचा. ‘२/८ म्हणजे पाव, अर्ध्यात मिळवल्यावर पाव कसं होईल’ अशा अर्थाचं काहीही चालेल. ‘कारण छेद समान केले नाहीत’ हे उत्तर मी पूर्ण धरत नाही. त्यात नियम आहे, कारण नाही. अशी मुलं वेगळी काढून ठेवा. त्यांचे गुण नेहमी चांगले येतात, म्हणून त्यांच्याकडे कुणी बघत नाही.

पहिल्या प्रश्नात तीस किंवा जास्त मुलं बरोबर असतील तर मी दुसऱ्या दिवशी एकापेक्षा मोठ्या उत्तराकडे जाते आणि उरलेल्यांना सरावाच्या वेळी पट्ट्यांसह जवळ घेते. त्याहून कमी असतील तर दुसरा दिवसही याच तुकड्याला द्यायचा, फक्त आकडे नवे: १/२ + २/७ आणि ३/८ + १/३. त्यांची बरोबर उत्तरं ११/१४ आणि १७/२४. आपल्याच छेदाने गुणलं तर १६/१४ आणि २७/२४ येतं, म्हणजे एकापेक्षा जास्त, आणि ‘दोन्ही मिळून पट्टी भरून बाहेर जाईल का?’ या एका प्रश्नाने ती चूक मुलांनाच पकडता येते. गठ्ठ्यांचे आकडे टाचणाच्या शेवटच्या रकान्यात लिहा, म्हणजे उद्याच्या पहिल्या सहा मिनिटांचे दोन प्रश्न कोणते हे तिथेच ठरतं.